राणीच्या झग्याची उजवी बाजू

राणीचा झगा पुन्हा नापास झाला आणि या वेळी मला चक्क हसू आलं. पडद्यासमोरच्या अंधारात दादांनी मान वळवली.

"हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. राणीसाहेबांना माझा लळा लागलाय. त्यांना मला सोडवत नाही."

कोणीच हसलं नाही. दादांनी पडद्याकडे बोट केलं. "डावी कड बघ. काय सुंदर उजळलीये, हात लावावासा वाटतो. आणि उजवी? उजवीकडे जुना रबरी रेनकोट. एकाच झग्यात दोन कापडं शिवलीस का?"

दादा म्हणजे माझे थोरले दीर. खाली ते आमचे दिग्दर्शक आणि मालक, वर जेवणाच्या टेबलावर पहिली पोळी ज्यांना वाढायची ते. आमचा अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ तळमजल्यावर आणि घर त्याच्या डोक्यावर. मधे एक जिना. लग्न होऊन आले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, काय नशीब, ऑफिसला जायची दगदग नाही. ऑफिसातून घरी यायचंही नसतं हे त्या म्हणाल्या नाहीत. खाली खिडक्यांना काळे पडदे, कारण उन्हाने पडद्यावरचे रंग चुकतात. वर सासूबाईंचे पडदे, कारण उन्हाने सोफा विटतो. दिवस उजाडला की मावळला हे मला बहुतेक वेळा फोन बघून कळायचं.

स्टुडिओत मला सगळे 'मखमल' म्हणतात. आधी कौतुकाने म्हणायचे, आता कीव करून. चित्रपटातली कापडं माझ्याकडे असतात. म्हणजे शिवणं नव्हे. आकार दुसरे करतात, घड्या तिसरे पाडतात. प्रकाश पडल्यावर ते कापड मखमलीसारखं दिसायचं की मेणकापडासारखं, हे मी ठरवते.

मला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओने बोलावलं होतं. कापडाचा अख्खा विभाग माझ्या हाती. घरात मी ते सांगितलं तेव्हा सासूबाईंनी नुसती भाजी पुन्हा वाढली. नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "जा की. मी येतो मागोमाग, इथलं आवरून." मला रडूच आलं होतं, इतकं बरं वाटलं. दादा म्हणाले, "जा, पण राणीचा झगा पास करून जा. अर्धं कापड टाकून जायचं नाही." त्यात गैर काहीच नव्हतं. नव्या स्टुडिओच्या प्रमुख बाईंनाही तो झगा पूर्ण झालेलाच बघायचा होता.

तेव्हापासून झगा पास होत नव्हता. बाई फोनवर गोड बोलत होत्या, पण परवा त्यांनी सरळच सांगितलं, "आता येत्या तपासणीपर्यंत थांबते. त्यानंतर दुसरं कोणीतरी बघावं लागेल." मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर इतकीही थांबले नसते.

आता मखमलीचा भास कसा करायचा ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मखमलीवर बारीक तंतू उभे असतात. समोरून पाहिलं की तुम्ही त्यांच्या टोकांमधून आत, अंधारात बघता. म्हणून मखमल मधे गडद दिसते. कडेला कापड वळलं की तेच तंतू बाजूने दिसतात, उजेड धरतात, आणि कड धुरकट उजळते. त्या उजळण्याला आम्ही शीन म्हणतो. तो थर वरून चढवायचा, आणि चढवला तेवढा खालचा रंग उतरवायचा, नाहीतर कापड मिळालेल्या उजेडापेक्षा जास्त उजेड परत देऊ लागतं आणि राणी दिव्यासारखी पेटते. सॅटिनचं उलट. तिथे धागे लांब आणि आडवे पडलेले, गुळगुळीत. चमक पसरते ती धाग्यांना आडवी, पट्ट्यासारखी. धागा कुठल्या दिशेने जातो एवढं नीट सांगितलं की सॅटिन शहाण्यासारखं वागतं. राणीच्या बाह्यांचं सॅटिनचं अस्तर पहिल्याच तपासणीत पास झालं होतं.

राहिले मखमलीचे तंतू. झग्यावर इतके कोट्यवधी तंतू खरोखर कोणी उभे करत नाही, संगणक झोपेल. आम्ही एक लहानसं चौकोनी चित्र करतो, फिकट जांभळं. त्यातला रंग रंग नसतोच, तो नुसता आकडा असतो: इथे पृष्ठभाग या बाजूला कलला, तिथे त्या बाजूला. मधला आकडा म्हणजे अजिबात कलला नाही. हे चित्र फरशीसारखं झग्यावर हजारो वेळा लावायचं. कापड सपाटच राहतं, पण उजेडाला वाटतं की इथे केस आहेत. लांबून पाहिलं की चित्रातले बारकावे एकमेकांत विरघळतात आणि कापड गुळगुळीत, चकचकीत होतं. तेव्हा जो खडबडीतपणा हरवला तो हिशेबाने परत मिसळावा लागतो. तेही मी केलं होतं. एकूण आमचा धंदाच डोळ्यांत धूळ फेकण्याचा, आणि मी तो इमानाने करत होते.

माझ्या संगणकावर झगा दोन्ही कडांना उजळायचा. तपासणीच्या खोलीत उजवी कड मेलेली असायची. मी शीन वाढवून पाहिला, कमी केला, मऊ केला. दिवे लावणाऱ्या पोराशी भांडले, दरबारातले दिवेच चुकलेत म्हणून. त्याने सगळे दिवे हलवून दाखवले, उजवी कड तशीच. मग मी स्वतःवर संशय घ्यायला लागले. बारा वर्षं केलेलं काम आपल्याला येतच नव्हतं की काय, असं वाटण्यापर्यंत मजल गेली.

त्या दिवशी हसून झाल्यावर मी वर जेवायला गेले. सासूबाई सोफ्यावर हात फिरवत होत्या. आमचा सोफा गडद लाल मखमलीचा आहे आणि त्यांचा नियम असा की उठताना तंतू डावीकडून उजवीकडे झोपवून उठायचं.

"तुझ्या नवऱ्याला कितीदा सांगितलं," त्या म्हणाल्या. "उठतो तसाच उठतो. बघ, त्याची जागा काळी दिसते आणि माझी उजळ."

मी ताटावरून बघितलं आणि घास हातातच राहिला. कापड तेच, उजेड तोच. त्याच्या जागेवरचे तंतू फक्त एका बाजूला झोपले होते.

मी इतके दिवस शीनला दोष देत होते. शीन कमी नव्हता. माझ्या झग्याचे तंतू सगळे एका बाजूला कलले होते, अंगाभोवती पीळ दिल्यासारखे. म्हणून डावी कड पसरून उजळत होती आणि उजवी मरत होती.

"अगं, जेव तरी," सासूबाई मागून म्हणाल्या तोवर मी जिन्यात होते.

खाली येऊन मी तपासणीचीच चित्रं उघडली आणि झग्याचा कल मोजला. प्रत्येक ठिकाणी तोच, तेवढाच. असं एकाच कारणाने होतं. ते जांभळं चित्र आकडे म्हणून वाचायच्या ऐवजी रंग म्हणून वाचलं गेलं की संगणक त्याचे मधले आकडे खाली ओढतो, फोटोला ओढतो तसे. मग 'अजिबात कलला नाही' याचाच अर्थ 'कलला' असा होतो. काटा शून्यावर नसताना भाजी तोलल्यासारखं. सॅटिनला हे चित्र नव्हतंच, म्हणून ते पास झालं. सगळं एका क्षणात जुळलं आणि मला खुर्चीत नाचावंसं वाटलं.

माझी चित्रं माझ्या संगणकावरून थेट पडद्यावर जात नाहीत. मधे एक टप्पा असतो. तिथे प्रत्येक चित्राचं रूपांतर होतं, आणि हा रंग समजायचा की आकडा ते तिथे एका खुणेने ठरतं. तो टप्पा माझा नवरा सांभाळतो.

यंत्राचीच चूक असेल म्हणून मी इतर कपडे तपासले. शिपायांचे लोकरी कोट, सिंहासनामागचा पडदा, दासींच्या शाली. सगळ्यांची चित्रं आकडे म्हणून वाचली गेली होती. फक्त राणीच्या झग्याचं रंग म्हणून.

तो त्याच्या टेबलाशी बसला होता. मी त्याला पडद्यावर कल दाखवला.

"अरे हो," तो म्हणाला. "खरंच की. करतो दुरुस्त."

"कसं झालं असेल?"

"होतं कधी कधी. एखादी खूण राहून जाते." त्याने दोन बटणं दाबली. "घे, झालं. आता पक्कं."

मी थँक्यू म्हणून परत आले. सगळं सुटलं होतं, तरी मला बरं वाटेना. कारण त्याला आश्चर्य वाटलं नाही. मी महिनोन्महिने त्याच्यासमोर डोकं आपटून घेतलं होतं. जेवताना, झोपताना, दात घासताना त्याच एका उजव्या कडेबद्दल बोलले होते. असं कोडं सुटल्यावर माणूस कपाळाला हात तरी लावतो. तो "अरे हो" म्हणाला. भाजीत मीठ राहिलं म्हणून सांगितल्यासारखं.

आणि मखमल त्याला कोणी शिकवली? मीच. लग्नानंतर त्याच सोफ्यावर. त्याचं बोट धरून मी तंतूंवरून उलटं फिरवलं होतं आणि म्हटलं होतं, बघ, नुसती दिशा बदलली की रंग बदलतो. त्याने सोफ्यावर माझं नाव काढलं आणि आईची चाहूल लागताच तळहाताने पुसलं. डावीकडून उजवीकडे. मला तो माणूस तेव्हा फार आवडला होता. अजूनही आवडत होता, पंचाईत तीच होती.

सरळ जाऊन त्याच्या यंत्रावर खूण बघता आली असती. मी नाही बघितली. बघायला गेले असते तर त्याने विचारलं असतं, काय बघतेस? आणि मला तोंडावर म्हणावं लागलं असतं, तुझ्यावर विश्वास नाही. हे वाक्य एकदा घरात आलं की जिन्याने वरखाली हिंडत राहतं. शिवाय मला वाटत होतं की मीच नीच आहे. जायची घाई झालेली बाई नवऱ्यात खोट शोधणारच.

म्हणून मी ते केलं जे आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल. मी ते जांभळं चित्र मुद्दाम बिघडवलं. संगणक रंग समजून मधले आकडे जेवढे खाली ओढतो, बरोबर तेवढे मी आधीच वर चढवून ठेवले. आता हे चित्र रंग म्हणून वाचलं गेलं तरच त्यातले आकडे पुन्हा जागेवर येणार होते. आकडे म्हणून नीट वाचलं, तर झगा उलट्या बाजूला कलणार, डावी कड मरणार. माझ्या संगणकावर मी तसंच पाहिलं. डावी कड अगदी रबर.

म्हणजे नवऱ्याने सांगितल्याप्रमाणे खरंच दुरुस्त केलं असेल, तर झगा नापास होईल. बाई दुसरं कोणी बघतील. आणि मी ठरवलं होतं की मग मी स्वतःच बाईंना फोन करून येत नाही म्हणून सांगेन. ज्या माणसावर असा संशय घेतला त्याला सोडून जायला मला तोंड उरलं नसतं. कोणाला हे वेडेपणाचं वाटेल. मला त्या आठवड्यात तोच एक व्यवहार प्रामाणिक वाटत होता.

चित्र मी नेहमीसारखं त्याच्याकडे पाठवलं. "नवीन केलंस?" त्याने विचारलं.

"तंतू जरा बारीक केले," मी म्हटलं. खोटं बोलायला मलाही येतं, हे तेव्हा कळलं.

तपासणीच्या सकाळी सासूबाईंनी मला दही-साखरेसारखा गोड चेहरा करून विचारलं, "आज होईल का गं पास?" मी म्हटलं, "बघू." त्यांना काय हवं होतं ते मला माहीत होतं, आणि गंमत अशी की त्या सकाळी मलाही तेच हवं होतं. जिना उतरताना मी पायरीपायरीला म्हणत होते, होऊ दे नापास. डावी कड मरू दे. मी राहीन इथे. काळ्या पडद्यांत राहीन, पहिली पोळी दादांना वाढेन, सोफा एका दिशेने झोपवेन, पण माझा नवरा खरा निघू दे.

खोलीत दिवे मालवले. दादा पुढे, दिवेवाला पोरगा त्यांच्या शेजारी, मी मधे, नवरा नेहमीप्रमाणे मागे यंत्रापाशी. पडद्यावर दरबार उघडला. राणी पाठमोरी चालत आली आणि वळली.

दोन्ही कडा उजळल्या. मधे काळोखासारखा गडद जांभळा, आणि डावी-उजवीकडे तो धुरकट, मऊ उजेड, अगदी सारखा. ती सिंहासनाकडे गेली, लांब गेली, तरी कापड चकचकीत झालं नाही. हात उचलला तेव्हा बाहीतलं सॅटिन एकदा पट्ट्यासारखं चमकलं आणि मखमलीने ते झाकून टाकलं. इतकं सुंदर कापड मी आयुष्यात केलं नव्हतं. मला ते बघवेना.

मग दादा म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लागलं. "झालं," ते म्हणाले. "सुटलीस, मखमल." दिवेवाल्या पोराने टाळ्या वाजवल्या.

मी मागे वळले. पडद्याच्या उजेडात नवऱ्याचा चेहरा दिसत होता. त्याला आनंद झाला नव्हता आणि दुःखही नाही. तो यंत्राकडे बघत होता, मग पडद्याकडे, पुन्हा यंत्राकडे. त्याला कळत नव्हतं की उजवी कड जिवंत कशी झाली. तो चेहरा मी पाहिला नसता तर कदाचित अजूनही स्वतःला काहीतरी पटवलं असतं.

दुपारी मी वर गेले तेव्हा तो सोफ्यावर त्याच्या जागी बसला होता. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. मी समोर उभी राहिले. त्याने अभिनंदन केलं नाही.

"कसं झालं हे?" त्याने विचारलं.

"तू ते चित्र रंग म्हणूनच वाचू दिलंस. मी ते तसं वाचलं जाईल असंच करून दिलं होतं."

तो हुशार आहे. त्याला फार वेळ लागला नाही. त्याचा हात सोफ्यावर उलटा फिरत राहिला आणि त्यामागे एक काळी रेघ उमटत गेली.

"पहिल्यांदा खरंच चुकून झालं होतं," तो म्हणाला. "देवाशपथ. माझ्या लक्षात आलं तेव्हा झगा नापास झालेला होता. तू वर येऊन म्हणालीस की बाई थांबायला तयार आहेत. मला वाटलं, अजून आठवडाभर राहू दे तसंच. मग पुन्हा एक आठवडा."

"आणि मी वेडी व्हायची वेळ आली होती."

"हो."

"रोज बघत होतास."

"हो." त्याने मान वर केली. "तुला जा म्हणालो होतो ना सगळ्यांसमोर. मग नको जाऊस कुठल्या तोंडाने म्हणू? तसं म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"नसते राहिले. भांडले असते आणि गेले असते. पण रोज फोन केला असता. तुझी वाट बघितली असती."

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. सासूबाई ऐकत असाव्यात. ऐकू देत, मला वाटलं.

"समज, मी त्या दिवशी खरंच दुरुस्त केलं असतं," तो हळू म्हणाला. "तू केलेल्या त्या चित्राचं काय झालं असतं?"

हा प्रश्न त्याने विचारू नये असं मला फार वाटत होतं.

"डावी कड मेली असती," मी म्हटलं. "झगा नापास झाला असता आणि मी राहिले असते. ठरवूनच खाली उतरले होते आज सकाळी."

त्याने तळहात पसरला आणि सोफ्यावरची रेघ पुसली, डावीकडून उजवीकडे, आईने शिकवलं होतं तसं. मी आत जाऊन कपाटावरची बॅग काढली. ती जड नव्हती, पण मला वाटलं तो उठून हात लावेल. तो बसूनच राहिला, आणि मी बाईंना फोन लावला.